टॅमसुलोसिन, जेवण आणि उठण्याची घाई: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "काका, टॅमसुलोसिनवरचा लेख वाचला. रोज त्याच जेवणानंतर घ्या, हळू उठा, पाय सोडून बसा, हे काय सोवळं आहे का? औषध पोटात गेलं की गेलं, जेवणाआधी काय नि नंतर काय. माझे सासरे कधीपासून रात्री झोपताना घेतात, त्यांना काही झालेलं नाही. तुम्ही डॉक्टर नाही. दवाबाजारात औषधं विकलीत म्हणून म्हाताऱ्या माणसांना घाबरवू नका. सासऱ्यांचं पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्यात तुमचा लेख वाचून ते आणखी काळजी करत बसलेत. आणि लेख किती लांब!"

टॅमसुलोसिन म्हणजे प्रोस्टेटमुळे लघवी अडते तेव्हा देतात ती कॅप्सूल. तिच्यावरचा माझा लेख लांब होता, हे मान्य. पुढच्या वेळी आवरतं घेईन. बाकी मात्र मला मान्य नाही, आणि ज्या सुरात ते लिहिलंय तो तर अजिबात नाही.

'काका' म्हणून सुरुवात करायची आणि दुसऱ्याच ओळीत त्या काकांचं सोवळं काढायचं, ही रीत इंदूरची नाही. मी रामबागेत वाढलो. आमच्या वाड्यात वडील माणसांशी वाद व्हायचे, कडाडून व्हायचे, पण "तुम्हाला काय कळतं" असं कुणी म्हणत नसे. "दवाबाजारात औषधं विकलीत" हे तुम्ही हिणवण्यासाठी लिहिलंत. मी ते मोठ्या आवाजात सांगतो. काउंटरमागे उभं राहून माझे केस पांढरे झाले. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, ती घेऊन माणूस आमच्याकडे येतो आणि "ही कधी घ्यायची हो?" हे आम्हाला विचारतो, कारण दवाखान्यात विचारायचा त्याला संकोच वाटलेला असतो. लघवीच्या त्रासाबद्दल तर फारच. साठी ओलांडलेले पुरुष गिऱ्हाइकांची गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबायचे आणि मग हळू आवाजात बोलायचे. आता मी स्वतःही त्याच वयात आहे आणि तीच कॅप्सूल घेतो. तेव्हा मला घाबरवायची हौस आहे, असं कृपा करून समजू नका.

आता तुमच्या त्या एका वाक्याकडे येतो, पोटात गेलं की गेलं. सगळी चूक तिथेच आहे.

टॅमसुलोसिनची ०.४ मिलिग्रॅमची कॅप्सूल उघडून पाहिली आहे का कधी? मी पाहिली आहे. मुदत संपलेल्या मालातली एक कागदावर मोकळी केली होती. आत पूड नसते, राजगिऱ्याएवढे पांढरट गोल दाणे असतात. प्रत्येक दाण्यावर लेप असतो, म्हणजे औषध एकदम न सुटता तासन्‌तास झिरपत राहावं. म्हणून ती चावायची नाही, उघडून पाण्यात घालायची नाही, अख्खी गिळायची. आणि हे झिरपणं पोटात अन्न आहे की नाही, यावर बदलतं. जेवणानंतर घेतली तर रक्तातली पातळी सावकाश चढते आणि सहा ते सात तासांनी शिखर गाठते. उपाशीपोटी घेतली तर चार ते पाच तासांतच शिखर येतं, आणि तेही जास्त उंच: जेवणानंतरच्या शिखरापेक्षा ४० ते ७० टक्क्यांनी वर. शरीरात जाणारं एकूण औषधही सुमारे ३० टक्क्यांनी वाढतं. म्हणजे पाकिटावर आकडा तोच, कॅप्सूल तीच, पण ज्या दिवशी पोट रिकामं त्या दिवशी तुम्ही नकळत मोठा डोस घेतलेला असतो. "रोज त्याच जेवणानंतर, साधारण अर्ध्या तासाने" ही सूचना मी घरी बसून रचलेली नाही. ती औषधाबरोबरच्या माहितीपत्रकातली आहे.

त्या शिखराचं भय कशासाठी? हे औषध प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतं, म्हणून धार सुटते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही त्याच जातीचे स्नायू असतात. टॅमसुलोसिनचा ओढा प्रोस्टेटकडे जास्त, रक्तवाहिन्यांकडे कमी, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. माणूस आडवा असतो तेव्हा काही जाणवत नाही. तो झटकन उभा राहिला की बरंच रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. त्या क्षणी रक्तवाहिन्यांनी आवळून रक्त वर रेटायचं असतं, आणि नेमकं तेच काम औषधाने ढिलं केलेलं असतं. मग डोळ्यांपुढे अंधारी येते.

तुम्ही म्हणता, सासऱ्यांना काही झालं नाही. माझ्या मेव्हण्यांनाही झालं नव्हतं. लोकमान्य नगरात राहतात, शिस्तीचे गृहस्थ. रात्री आठला जेवण, साडेआठला कॅप्सूल. रक्तदाबासाठी सकाळी अॅम्लोडिपिन. सगळं सुरळीत चाललेलं. आषाढी एकादशीला त्यांनी दुपारी थोडी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, दिवसभर पाणीही बेताचंच प्यायले, रात्री अर्धा कप चहा. जेवण नाही म्हणून कॅप्सूलची आठवण राहिली नाही, ती दहाला घेतली, रिकाम्या पोटी. रात्री अडीचला लघवीला जाग आली. हिशेब करा: दहा अधिक साडेचार. घाई होती, ते तडक उठले, दिवाही न लावता मोरीत गेले, उभ्याने लघवी करू लागले आणि तिथेच कोसळले. भुवई बेसिनच्या कडेवर आपटली, टाके पडले.

एकट्या कॅप्सूलवर मी खापर फोडत नाही. पाणी कमी, रक्तदाबाची गोळी, अंथरुणातून एकदम उठणं, उभ्याने लघवी करणं, हे सगळं एका वेळी जुळून आलं. पण त्यातली कोणती गोष्ट त्या रात्री बदललेली होती? जेवण, आणि त्याबरोबर पाणी. उठायची सवय तर रोजचीच तशी होती, ती आधी निभावून गेली होती, एवढंच.

सकाळी मी मशीन घेऊन गेलो. त्यांना पाच मिनिटं आडवं पडायला लावलं आणि मोजलं: १३६/८२. उभं केलं, एका मिनिटाने ११४/७४, तिसऱ्या मिनिटाला १०८/७०. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला तर डॉक्टर त्याची दखल घेतात. इथे वरचा २८ उतरला होता. आदल्या कित्येक महिन्यांत त्यांचं बीपी मोजलं जात होतंच, पण नेहमी खुर्चीत बसवून. बसलेल्या माणसाच्या आकड्यात हे दिसतच नाही. ते आकडे कागदावर लिहून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कॅप्सूल सकाळच्या नाश्त्यानंतर घ्यायला सांगितली, कारण मेव्हण्यांचा पोह्यांचा नाश्ता कधी चुकत नाही आणि उपासालाही त्या वेळी खिचडी असते. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजलं तेव्हा वरचा आकडा जेमतेम दहाने उतरत होता.

रात्रीच्या जेवणानंतर घेतली तरी हरकत नाही, मीही तेव्हाच घेतो. अट एकच, जेवण खरंच रोजचं असावं आणि वेळ फार सरकू नये. "झोपताना" मात्र वेगळी गोष्ट आहे. आठला जेवून अकराला झोपणाऱ्याचं पोट तोवर बरंच रिकामं झालेलं असतं. या गटातली जुनी औषधं, प्राझोसिन, टेराझोसिन, ही पहिल्या डोसलाच चक्कर आणायची, म्हणून ती झोपताना द्यायची पद्धत पडली. सासऱ्यांच्या चिठ्ठीवर "झोपताना" लिहिलेलं असेल तर मी ते खोडायला सांगत नाही. ते जेवतात किती वाजता आणि कॅप्सूल घेतात किती वाजता, हे दोन्ही डॉक्टरांना सांगा आणि त्यांनाच ठरवू द्या. न्यायाने एवढंही सांगतो की काही दीर्घ परिणामाच्या गोळ्या अशा बनवलेल्या असतात की त्यांना जेवणाचा फारसा फरक पडत नाही. सासरे घेतात ती त्या प्रकारची आहे का, हे पाकीट दाखवून विचारा. कॅप्सूल असेल तर मी लिहिलं तेच.

उठण्याचं "सोवळं" तुम्हाला फार खुपलेलं दिसतं. जाग आली की आधी कुशीवर वळून उठून बसायचं. पाय खाली सोडायचे, एक-दोन मिनिटं. तेवढ्यात पावलं खाली-वर हलवायची, म्हणजे पोटऱ्यांतून रक्त वर ढकललं जातं. दिवा लावायचा. पलंगाला धरून उभं राहायचं, तिथेच जरा थांबायचं, मग चालायचं. रात्री लघवी बसूनच करायची. डोकं हलकं वाटलं की चालत राहायचं नाही, आहे तिथे बसायचं किंवा आडवं व्हायचं. पडून मांडीचं हाड मोडलेल्या माणसाच्या घरी जाऊन आलात तर ही दोन मिनिटं जाचक वाटणार नाहीत.

सुरुवातीचे दिवस, डोस वाढवल्यानंतरचे दिवस, आणि मध्येच औषध बंद पडून पुन्हा सुरू केलं तेव्हा, ही काळजी जास्त घ्यायची. एखादा डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. काही दिवस सलग राहिला असेल तर आपल्या मनाने सुरू न करता आधी विचारायचं.

मी डॉक्टर नाही, या मुद्द्यावर पुन्हा लिहीत नाही. माझ्या लेखात एकही डोस मी बदलायला सांगितलेला नाही. वाचलात तर दिसेल.

एक गोष्ट मात्र तुम्ही माझ्यावर राग काढताना जाताजाता लिहून गेलात, आणि तीच सगळ्यांत निकडीची आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या सर्जनना सांगा की सासरे टॅमसुलोसिन घेतात किंवा घेत होते. या औषधामुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळाचा पडदा ढिला पडतो, बाहुली मध्येच आकसते, आणि सर्जनना तयारी वेगळी ठेवावी लागते. २००५ सालापासून हे वैद्यकात नोंदलेलं आहे. औषध चार दिवस आधी बंद केलं की धोका टळतो, अशी खात्री नसते, म्हणून घरच्या घरी बंदही करू नका. फक्त सांगा, नावानिशी, आजच फोन करून. रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी लोक देतात, लघवीच्या कॅप्सूलचं नाव लाजेने राहून जातं. तुमच्या सासऱ्यांनी सांगितलंय का, हे त्यांना विचारा, आणि उत्तर इथे लिहा. त्या उत्तराचा सूर कसाही असला तरी चालेल.