निकाल तोच लागला असता, हे ठरवायचे कोणी?

"नोटीस दिली नाही एवढ्याच कारणावरून कोर्ट कारवाई रद्द करते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अतिक्रमण ते अतिक्रमण, त्याला बोलावून विचारायचे तरी काय? निकाल तोच लागणार असेल तर सुनावणी हा फक्त उपचार आहे, आणि हे खुद्द सुप्रीम कोर्टानेच 'युसलेस फॉर्मॅलिटी' म्हणून मान्य केलेले आहे."

वरच्या संदेशातल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. १९८० साली, नवी दिल्ली नगरपालिका समितीच्या बरखास्तीच्या प्रकरणात (एस. एल. कपूर विरुद्ध जगमोहन), सर्वोच्च न्यायालयाने नेमके उलटे सांगितले. सुनावणीने काही फरक पडला असता का, या प्रश्नावर नैसर्गिक न्यायाची तत्त्वे अवलंबून नसतात. सुनावणी न देणे हेच मुळात नुकसान आहे. आणि ज्याने सुनावणी नाकारली त्यानेच "याचे काही बिघडले नाही" म्हणणे शोभत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. त्याच निकालात एक अपवाद ठेवलेला आहे. वस्तुस्थिती कबूल किंवा निर्विवाद असेल, तिच्यातून एकच निष्कर्ष निघत असेल आणि कायद्याने एकच परिणाम संभवत असेल, तर न्यायालय आदेश रद्द करण्यास नकार देऊ शकते, कारण निष्फळ ठरणारा हुकूम काढणे हे न्यायालयाचे काम नव्हे. पुढे १९९९ मध्ये एम. सी. मेहता प्रकरणात या सिद्धान्ताच्या दोन्ही बाजूंची मते न्यायालयाने विस्ताराने मांडली आणि अंतिम कौल न देता प्रश्न खुला ठेवला. म्हणजे जे मान्य झाले ते एवढेच, की क्वचित प्रसंगी दाद नाकारता येते. सुनावणी न देण्याची परवानगी त्यातून कोणालाही मिळत नाही.

आता अतिक्रमणाकडे येऊ. हा प्रश्न मुंबईच्या पदपथांवरूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १३ जुलै १९८१ रोजी, ऐन पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथांवर राहणाऱ्यांना शहराबाहेर काढून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. त्यातून ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हे प्रकरण उभे राहिले आणि पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी त्याचा निकाल दिला. पालिकेचा आधार होता १८८८ च्या महापालिका अधिनियमातील कलम ३१४ चा, ज्यानुसार रस्त्यावरची किंवा पदपथावरची बांधकामे आयुक्तांना विनानोटीस हटवता येतात. पालिकेच्या वतीने युक्तिवादही वरच्या संदेशासारखाच होता: पदपथावर झोपडी बांधण्याचा हक्क कोणालाच नाही, तेव्हा नोटीस देऊन उत्तर काय येणार?

न्यायालयाने त्या कलमाची शब्दरचना बारकाईने पाहिली. विनानोटीस हटवता "येईल", असे कलम म्हणते. विनानोटीसच हटवले "पाहिजे", असे म्हणत नाही. म्हणजे नोटीस द्यावी की न द्यावी हा आयुक्तांचा विवेकाधिकार आहे, आणि तो वाजवी रीतीने वापरायचा असेल तर नोटीस हा नियम आणि विनानोटीस कारवाई हा तातडीच्या प्रसंगापुरता अपवाद, असाच अर्थ निघतो. उत्तर संभवतच नाही म्हणून नोटीस नको, हे म्हणणे सुनावणीच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असे सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी स्पष्ट शब्दांत लिहिले.

मात्र इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवली पाहिजे, जी माझ्या बाजूचे लोक बहुतेक वेळा गाळतात. एवढे लिहूनही न्यायालयाने प्रकरण आयुक्तांकडे सुनावणीसाठी परत पाठवले नाही. आयुक्तांनी नाकारलेली संधी आम्ही इथे भरपूर दिली आहे, दोन्ही बाजू ऐकल्या आहेत, आणि पदपथावरची बांधकामे हटवण्याचा निर्णय योग्य होता असे आमचे मत झाले आहे, असे म्हणून न्यायालयाने स्वतःच प्रश्न निकालात काढला. माझ्या मते तिथे निकाल कमजोर पडला. घटनापीठापुढे झालेली चर्चा सर्वसाधारण होती; अमुक झोपडी नेमकी कुठे उभी आहे आणि तिच्यामुळे वाहतूक अडते की नाही, हे पाहण्याची ती जागाच नव्हती.

तरीही त्या निकालाचे शेवटचे आदेश वाचा. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्या पदपथवासीयांना मालवणी येथे किंवा अन्य सोयीच्या ठिकाणी पर्यायी जागा द्यावी (हटवण्याची पूर्वअट म्हणून नव्हे, पण द्यावी) असे न्यायालयाने सांगितले. वीस वर्षे किंवा त्याहून जुन्या आणि सुधारणा झालेल्या झोपडपट्ट्या सार्वजनिक कामासाठी जमीन लागल्याखेरीज काढू नयेत, आणि काढल्या तर पर्यायी जागा द्यावी. गणना झालेली असो वा नसो, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना होईपर्यंत, एकाही पदपथवासीयाला हलवू नये. ज्यांच्याकडे द्यायला उत्तरच नाही असे म्हटले जात होते, त्यांना ऐकून घेतल्यावर हटवण्याचा निर्णय कायम राहिला. पण कधी, कोणाला आणि कोणत्या बदल्यात, हे तिन्ही बदलले. "निकाल तोच" म्हणणारे लोक निकालाचा अर्थ हो किंवा नाही एवढाच धरतात. प्रशासनाच्या आदेशात तारीख असते, मोजमाप असते, रक्कम असते, शिक्षेचे प्रमाण असते. आरोप कबूल असला तरी बडतर्फी की वेतनवाढ रोखणे, हा प्रश्न उरतोच.

एक छोटे प्रकरण माझ्या डोळ्यांपुढचे आहे. एका लहान शहरात एका दुकानदाराची पत्र्याची शेड रस्त्यात येते म्हणून हटवण्याचा आदेश निघाला. पंचनाम्यावर दुकानदाराची सही होती, त्यामुळे कार्यालयाच्या लेखी वस्तुस्थिती कबूल होती, आणि आदेशात छापील वाटावे असे वाक्य होते: "सबब सुनावणीची आवश्यकता वाटत नाही." न्यायालयाने सुनावणी देण्यास सांगितल्यावर त्याने मोजणीची क प्रत आणली. रस्त्याची रुंदी पलीकडच्या गटाराच्या कडेपासून धरली गेली होती, हद्दीच्या दगडापासून नव्हे. शेड रस्त्यात होतीच, पण जेमतेम दोन हात. तेवढा भाग त्याने स्वतः कापून काढला. सही त्याने केली होती ती "शेड माझी आहे" या मजकुराखाली. ती रस्त्यात किती आहे हे त्या पंचनाम्यात कुठेच नव्हते.

'युसलेस फॉर्मॅलिटी'चा सिद्धान्त खरोखर लागू पडतो ते प्रकरण कसे दिसते? २०१५ चा धरमपाल सत्यपाल प्रकरणाचा निकाल पाहावा. ईशान्य भारतातील उद्योगांना १९९९ च्या अधिसूचनेने उत्पादन शुल्कात सवलत मिळाली होती. पुढे २००३ च्या वित्त अधिनियमाच्या कलम १५४ ने तंबाखू उत्पादनांपुरती ती सवलत पूर्वलक्षी प्रभावाने काढून घेतली, आणि त्या कलमाची वैधता सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात उचलून धरली. दिलेला परतावा विभागाने कारणे दाखवा नोटीस न देताच परत मागितला. न्यायालयाने नोटीस आवश्यक होती असेच म्हटले, परंतु कायद्यानेच सवलत काढून घेतलेली असल्यामुळे कंपनीपाशी कोणताही बचाव उरला नव्हता, म्हणून मागणी रद्द केली नाही. वाद मोजमापाचाही नव्हता आणि विवेकाधिकाराचाही. पण त्याच निकालात न्या. सिक्री यांनी अधिकाऱ्यांना बजावले की सुनावणीचा उपयोग होणार नाही असे आधीच गृहीत धरून ती टाळता येणार नाही. उपयोग झाला असता की नाही हे नंतर, न्यायालयात पाहायचे. २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील एका निविदेच्या प्रकरणात (सुधीर कुमार सिंह) हेच पुन्हा सांगितले गेले: हा निष्कर्ष न्यायालयाने काढायचा, सुनावणी नाकारणाऱ्या अधिकाऱ्याने नव्हे. वरच्या संदेशाने ही पायरीच वगळली आहे. न्यायालयाने मागे वळून दाद नाकारणे वेगळे, आणि अधिकाऱ्याने पुढे पाहून सुनावणीच न देणे वेगळे.

"पुन्हा पहिल्यापासून" ही तक्रारही तपासून घ्यावी. मुळात सुनावणी दिलीच नव्हती आणि सुनावणीत काही त्रुटी राहिली, असा फरक न्यायालय १९९६ च्या स्टेट बँक ऑफ पटियाला विरुद्ध एस. के. शर्मा या निकालापासून करत आले आहे. त्रुटीच्या प्रकारात कर्मचाऱ्याला आपले प्रत्यक्ष नुकसान काय झाले हे दाखवावे लागते. त्याआधी १९९३ मध्ये, ईसीआयएल विरुद्ध करुणाकर प्रकरणात, चौकशी अहवालाची प्रत दिली नाही म्हणून शिक्षा यांत्रिकपणे रद्द करू नये, असे घटनापीठाने सांगितले होते. आधी प्रत द्यावी, तिच्या अभावाने काय बिघडले ते ऐकावे, आणि खरोखर बिघडले असेल तरच आदेश रद्द करावा. रद्द झाला तरी चौकशी अहवालाच्या टप्प्यापासूनच पुढे चालते आणि मालकाला त्या काळात कर्मचाऱ्याला निलंबित ठेवता येते. यात कोणी सुटून घरी जात नाही. वेळ खरोखर जातो तो पंधरा दिवसांची नोटीस वाचवण्यासाठी पुढची काही वर्षे याचिकेत लढण्यात, आणि तो खर्च कार्यालयाने स्वतः ओढवून घेतलेला असतो.

उलट बाजूने याचिकाकर्त्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. "मला ऐकले नाही" एवढेच लिहिलेली याचिका या अपवादापुढे अडखळते. ऐकले असते तर कोणता कागद दाखवला असता, कोणती तारीख चुकीची आहे, कोणती सवलत मागितली असती, हे याचिकेत किंवा प्रतिज्ञापत्रात आलेच पाहिजे. ज्याच्या याचिकेत यातले काहीच नसते, त्याला न्यायाधीश पहिल्याच सुनावणीला विचारतात, "तुम्हाला बोलावले असते तर तुम्ही काय सांगितले असते?", आणि त्या वेळी वकील कागद चाळू लागला की प्रकरण धरमपालच्या वाटेने जाते.