५ व्होल्ट २ अँपिअरच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

"दादा, तुमचं हरितगृहाचं सर्किट मी मल्टिमीटर लावून मोजलं, चारही रिले चालू असताना ४०० मिलीअँपिअरच्या आसपास येतं. मग २ अँपिअरचा अडॅप्टर कशाला सांगता? उगाच खर्च, आणि जास्त करंट जाऊन बोर्ड उडाला तर?"

मोजून बघितलंत हे फार बरं केलंत, आणि तुमचा आकडा चुकीचा नाहीये. आधी भीतीचं बोलू. अडॅप्टरवर २ अँपिअर लिहिलेलं असतं म्हणजे तो तेवढं ढकलतो असं नाही, बोर्ड त्याला लागेल तेवढंच ओढतो, जुळायला हवं ते व्होल्टेज, तिथे ५ च्या जागी १२ लावलंत तर मात्र बोर्ड नक्की जाणार.

आता ४०० चं. मीटर सरासरी दाखवतो, आणि मोजताना तुमची झडप उघडणारी सर्वो बहुतेक गप्प उभी होती. बेरीज करायची ती सगळ्यात वाईट क्षणाची. रिलेच्या कॉइलला ७० ओहमच्या आसपास रेझिस्टन्स, म्हणजे एकाला साधारण ७२ मिलीअँपिअर, चार मिळून २९०. ईएसपी३२ वायफायवर पाठवताना क्षणभर २४० पर्यंत जातो, पण बनवणारी कंपनीच सप्लाय निदान ५०० चा ठेवा म्हणते, म्हणून मी ५०० धरतो. डिस्प्ले बॅकलाइटसकट ३०. आणि छोटी सर्वो, जी मोकळी फिरताना १००-२०० खाते, ती झडप अडकली की ७०० च्या घरात जाते. झाले १५२०, त्यावर पाव भाग जास्तीचा धरला की १९००, म्हणून २ अँपिअर. पंप आणि पंख्याचा सप्लाय वेगळा आहे, तो यात धरलेला नाही.

मी स्वतः पहिल्यांदा १ अँपिअरचा लावला होता. दिवसभर नीट चालायचं आणि संध्याकाळी झडप बंद होताना डिस्प्ले मंद होऊन बोर्ड रिसेट, रिले सगळे टकाटक सुटायचे, मी दोन दिवस कोडमध्येच चूक शोधत बसलो. शेवटी सिरियल मॉनिटरवर हे दिसलं:

```
Brownout detector was triggered
```

हे दिसलं की आधी सप्लायकडे बघा. मीटर व्होल्टवर ठेवून टोकं बोर्डाच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंड पिनवरच लावा, अडॅप्टरच्या तोंडाशी नको, आणि झडप हाताने किंचित अडवून बघा, पण एखाद-दोन सेकंदच, नाहीतर सर्वो तापते. पिनवर साडेचारच्या खाली उतरलं तर एकतर अडॅप्टर कमी पडतोय नाहीतर वायर. दोन मीटर बारीक वायरचा जाऊन-येऊन अर्धा ओहम झाला तर दीड अँपिअरला पाऊण व्होल्ट वायरमध्येच जातो, मग ३ अँपिअरचा अडॅप्टर आणलात तरी बोर्डाला सव्वाचारच मिळणार. म्हणून सर्वोची वायर बोर्डातून न घेता थेट अडॅप्टरच्या टर्मिनलपासून वेगळी ओढा, ग्राउंड तेवढा कॉमन ठेवा. तुमची झडप अडवल्यावर पिनवर किती येतं ते मला इथेच कळवा.