कार्ड ब्लॉक करून मावशीचे ३९९ वाचले नाहीत, विम्याचा हप्ता मात्र चुकला

*"ऑटोपे बंद करायची सोपी युक्ती!! कार्ड ब्लॉक करून नवीन घ्या, जुना नंबर मेला की सगळे पैसे कापणे बंद. मुदत संपली तरी तेच. आता टोकन आहे, कंपनीकडे तुमचा नंबरच नाही, मग पैसे कापणार कसे? सबस्क्रिप्शन कॅन्सल करत बसू नका. पुढे पाठवा 🙏"*

हे माझ्या मावशीने वाचलं आणि लगेच केलंही. म्हणून लिहावं लागतंय.

मावशीला एका योगाच्या अ‍ॅपचे महिना ३९९ रुपये थांबवायचे होते. तिने २ तारखेला डेबिट कार्ड ब्लॉक केलं. ५ तारखेला ३९९ गेलेच! कारण नाव नोंदवताना तिने कार्ड दिलंच नव्हतं, क्यूआर स्कॅन करून यूपीआय पिन टाकला होता. तो यूपीआय ऑटोपे. तो बँक खात्यावर बसलेला असतो, कार्ड दहा वेळा बदला, त्याला पत्ता लागत नाही. कर्जाच्या हप्त्यासाठी खात्यावर दिलेल्या एनएसीएच मॅन्डेटचं, म्हणजे दरवेळी पैसे कापायला बँकेला दिलेल्या परवानगीचंही तसंच.

कार्डावर खरोखर होता तो आरोग्यविम्याचा मासिक हप्ता, १,८४० रुपये. तो ८ तारखेला अडकला. 'व्यवहार अयशस्वी' असा मेसेज आला, तो मावशीने फसवणूक समजून पुसून टाकला. मासिक हप्त्याला सवलतीची मुदत १५ दिवसांची असते. १९ तारखेला मी सहज विचारलं म्हणून कळलं. आणखी चार दिवस गेले असते तर पॉलिसीच बंद पडली असती. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे कोण सांगणार?

आता टोकनचं. नंबर कंपनीकडे नसतो, एवढं खरं. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड, रुपेसारखं नेटवर्क सोडून कुणालाही तो साठवता येत नाही. पण टोकन असतं ते पैसे कापता यावेत म्हणूनच! नंबराऐवजी दिलेला तो बिल्ला आहे, तुमचं कार्ड आणि ती कंपनी यांच्यापुरता. त्यामागचा नंबर बदलला तरी बिल्ला नव्या कार्डाला जोडता येतो. मुदत संपून नवं कार्ड आलं तरी तेच.

आपल्याकडे त्याला एक अडसर आहे, आणि इथे फॉरवर्डला अर्धा मार्क द्यावा लागेल. रिझर्व्ह बँकेचं ७ सप्टेंबर २०२१ चं परिपत्रक सांगतं की कार्ड नवं झालं किंवा बदललं, तर आधीच्या दुकानदारांशी ते जोडण्यासाठी बँकेने तुमची स्पष्ट संमती घ्यायची. म्हणून कार्ड बदलल्यावर बऱ्याचदा पैसे कापणं खरंच थांबतं. पण नवं कार्ड चालू करताना कुठे टिक केलीत ते वाचलं नसेल, तर 'आपोआप बंद' विसरा. शिवाय थांबतं ते सगळंच, नको असलेलं आणि हवं असलेलंही. याच परिपत्रकात आणखी एक सोय आहे: कोणकोणत्या दुकानदारांकडे तुमचं टोकन आहे, ती यादी बँकेने दाखवायची आणि हवं ते काढू द्यायचं. अ‍ॅप, नेटबँकिंग, फोन किंवा शाखा, यांपैकी निदान एका ठिकाणी तरी.

'कॅन्सल करत बसू नका' हा तर निव्वळ आळस. पैसे अडले म्हणजे करार मिटला असं नाही. कंपनी थकबाकी दाखवू शकते. आधी त्यांच्या अ‍ॅपमध्ये सबस्क्रिप्शन बंद करा, स्क्रीनशॉट ठेवा, मग मॅन्डेट काढा.

ते कुठे सापडेल, हे कळायला पैसे जाण्याआधी येणारा मेसेज बघा. कार्डावरच्या मॅन्डेटसाठी तो किमान २४ तास आधी यायलाच हवा, त्यात दुकानदाराचं नाव, रक्कम आणि तारीख असते, आणि तेवढा एक व्यवहार किंवा पूर्ण मॅन्डेट नाकारायची सोयही. फास्टॅगच्या आपोआप रिचार्जला मात्र हा मेसेज लागत नाही. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. बँकेचं अ‍ॅप स्वतः उघडा आणि 'ई-मॅन्डेट' किंवा 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' शोधा. रद्द करताना ओटीपी मागेल, तो तिथेच टाकायचा, फोनवर कुणाला सांगायचा नाही. यूपीआयचं असेल तर यूपीआय अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' उघडून पिन टाकून रद्द करायचं. एवढं करूनही पैसे गेले तर बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, cms.rbi.org.in वर.

मावशीचं योगाचं ऑटोपे आम्ही तिच्या यूपीआय अ‍ॅपमधून दोन मिनिटांत काढलं. विम्याचा हप्ता त्याच दिवशी विमा कंपनीच्या साइटवर भरला, आणि नव्या कार्डावर मॅन्डेट पुन्हा नोंदवला. ३९९ मात्र परत आले नाहीत.