उशीने नस मोकळी होते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

कमरेतली नस दबून पायात कळ जात असेल तर रात्री उशी कशी घेऊन झोपावं, या माझ्या लेखावर ही प्रतिक्रिया आली:

«ताई, लेख वाचून हसू आलं. उशीने कधी दबलेली नस मोकळी होते का? मी गुडघ्यांमध्ये उशी घेऊन महिनाभर झोपलो, काडीचा फरक नाही, उलट सकाळी जास्त दुखतं. कापसाची उशी तर मध्यरात्रीच चपटी होते. लोकांना डॉक्टरकडे पाठवा, गादीवरचे उपाय कसले शिकवता!»

दादा, हसू आलं ते ठीक, पण ज्याला रात्री कूस बदलताना कुल्ल्यापासून टाचेपर्यंत कळ जाते, त्याला या विषयावर हसू येत नाही. माझी कमरेच्या मणक्यांखालची शेवटची गादी सरकली होती, शेवटचा मणका आणि माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी यांच्यामधली. उजव्या पायाची करंगळी बधिर होती. रात्री भिंतीला धरून उभी राहायचे, कारण आडवं होणं नको वाटायचं. असं भोगलेल्या बाईला ‘उपाय कसले शिकवता’ म्हणण्याआधी दोन मिनिटं थांबायला हवं होतं.

कापसाच्या उशीबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. ती दबते. त्या जागी घट्ट लोड घ्या किंवा जाड चादरीची गुंडाळी करून दोरीने बांधा.

आता तुमच्या त्या एका वाक्याकडे येते. ‘गुडघ्यांमध्ये उशी घेऊन’ म्हणजे नक्की कशी, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. माझ्या आत्तेबहिणीचंही अगदी हेच म्हणणं होतं. तिच्याकडे गेले तेव्हा तिला म्हटलं, झोपून दाखव. ती डाव्या कुशीवर वळली, छोटी उशी गुडघ्यांत धरली आणि दुखरा उजवा पाय वर ठेवला. गुडघा उशीवर होता, पण घोटा खाली लोंबत होता. थोड्या वेळाने गुडघाही उशीवरून पुढे घसरून गादीला टेकला. मांडी पुढे पडली की ओटीपोट तिच्यामागे फिरतं, खांदे मात्र मागेच राहतात आणि सगळा पीळ कमरेच्या खालच्या मणक्यांत बसतो. शिवाय मांडी आत वळल्याने कुल्ल्यातला स्नायू ताणला जातो आणि कमरेतून पायात जाणारी सायटिकची नस त्याला लागूनच खाली उतरते. अशी उशी असून नसल्यासारखीच.

तिला लोड दिला. तो गुडघ्यापासून घोट्यापर्यंत आडवा ठेवला, इतका जाड की वरची मांडी गादीला समांतर राहील. दोन्ही गुडघे थोडे वाकवले, कारण मांडी पुढे घेऊन गुडघा सरळ ठेवला की नस ताणते. डॉक्टर सरळ पाय वर उचलून तपासतात ते याचसाठी. पण गुडघे छातीशी आणायचे नाहीत. मणक्यांमधली गादी सरकलेल्या माणसाची कंबर गोल झाली की दाब मागे, नसेच्या बाजूला जातो. तिची कंबर आणि गादी यांच्यात पोकळी राहत होती, तिथे पंचाची छोटी गुंडाळी सरकवली आणि पुढे मिठीत एक उशी दिली, म्हणजे धड पुढे कलंडत नाही.

फरक पडतोय का, हे कळ कुठे आहे त्यावरून ओळखायचं. पोटरीतली कळ वर मांडीकडे, कमरेकडे सरकली तर स्थिती योग्य आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ पावलाकडे उतरली तर ती स्थिती सोडा. बहिणीची पोटरीतली कळ काही रात्रींत मांडीपर्यंत आली.

सकाळच्या दुखण्याचं कारण कदाचित उशी नसेलच. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्याउठल्या वाकलं की त्यांच्यातला दाब नेहमीपेक्षा जास्त असतो. कुशीवर वळून हातावर जोर देऊन उठा, पहिला तासभर वाकून बादली उचलू नका. तुम्ही उठल्यावर काय करता, तेही प्रतिक्रियेत नाही.

आणि हो, वयस्कर माणसाचा मणक्यातला मार्ग अरुंद झाला असेल, चालल्यावर पाय भरून येऊन पुढे वाकल्यावर बरं वाटत असेल, तर त्याला गुडघे पोटाशी घेऊन झोपणंच मानवतं. किंवा उताणं, गुडघ्यांखाली दोन उशा. हे लेखात आहे. शेवटपर्यंत वाचलात का?

डॉक्टरांचं म्हणाल, तर त्याच लेखात मी लिहिलं आहे: लघवी अडली किंवा नकळत झाली, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरता आली, पाऊल उचललं जाईना, तर उशीचा विचार न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मणक्यांमधली सरकलेली गादी उशीने जागेवर बसते, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. नसेवरचा दाब रात्रीपुरता कमी झाला तर माणूस झोपतो, एवढंच माझं म्हणणं.

पुन्हा लिहाल तेव्हा टिंगल बाजूला ठेवा आणि एवढं सांगा: दुखरा पाय कोणता, झोपताना वर असतो की खाली, आणि बसल्यावर जास्त दुखतं की चालल्यावर. मग बोलू.