‘खाली’ या शब्दाने घातलेला घोळ

रविवारी सकाळी परळच्या नाक्यावर, चहाच्या टपरीसमोरच्या कट्ट्यावर आमचा वाद जुंपला तो ताईच्या मसाल्याच्या जाहिरातीवरून. ताई लालबागला घरून मालवणी मसाला विकते. तिचे गिऱ्हाईक निम्मे मराठी आणि निम्मे हिंदी बोलणारे आहे, आणि तिच्या 30 सेकंदांच्या रीलचे निवेदन मी लिहिले होते.

अण्णांचे म्हणणे असे, की मुंबईत मराठी माणसाला हिंदी कळतेच, मग सगळे हिंदीत करून मोकळे व्हावे. ताईला ते पटेना. “अण्णा, माझे जुने गिऱ्हाईक कोकणातले आहे. त्यांच्यासमोर मी बडीशेपेला ‘सौंफ’ म्हटले, तर हा मसाला आपल्या घरचा आहे असे त्यांना वाटेल का?” डबिंगचे काम करणाऱ्या दादाने मधला मार्ग सुचवला, की प्रत्येक वाक्य आधी मराठीत आणि मग हिंदीत बोलावे. मी त्याला ठाम विरोध केला, कारण मग दोन्ही गिऱ्हाइकांच्या वाट्याला 15-15 सेकंदच येतात आणि उरलेला वेळ प्रत्येकाला तीच गोष्ट पुन्हा ऐकावी लागते.

त्यातही दोन्ही भाषा सारखी जागा घेत नाहीत. ‘आमच्या मसाल्यात वरून रंग घातलेला नसतो’ यात 6 शब्द आहेत. ‘हमारे मसाले में ऊपर से रंग नहीं मिलाया जाता’ यात 9. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो, हिंदीत ‘में’ आणि ‘से’ सुटे राहतात, आणि त्या वाक्यात उच्चारही लांबतो. दादाने दोन्ही वाक्ये मोबाइलवर वेळ लावून वाचली, तेव्हा मराठी वाक्याच्या दृश्यात हिंदी वाक्य मावले नाही. त्यामुळे हिंदी निवेदन मराठीवरून ओळीला ओळ उतरवून चालत नाही. त्या दृश्यासाठी ‘इसमें रंग नहीं मिलाते’ असे आखूड वाक्य नव्याने लिहावे लागते.

म्हणून मी आवाज मराठी आणि खाली चालणारी अक्षरे हिंदी असा मेळ घातला होता. दादाने त्यातली उणीव दाखवली आणि ती मला मान्य करावी लागली. लोकलमध्ये पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून रील पाहतात. अशा मराठी बाईला फक्त हिंदी अक्षरे दिसतील आणि ती जाहिरात आपली नाही असे समजून पुढे जाईल.

खरा घोळ मात्र शेवटच्या पाटीत होता. आवाज बंद असणाऱ्या मराठी प्रेक्षकांसाठी म्हणून मी तेवढी एक पाटी मराठीत ठेवली होती : ‘ऑर्डरसाठी नंबर खाली’. ताईच्या शेजारच्या हिंदी भाषक भाभींनी ती वाचून विचारले, की नंबर रिकामा का ठेवला आहे? लिपी एकच असल्यामुळे वाचणारा ही भाषा कोणती असे थांबून ठरवत नाही; त्याला जो अर्थ आधी सुचतो तोच तो घेतो, आणि हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामे. पाटी रोमन लिपीत असती तरी हा गोंधळ झालाच असता, पण देवनागरीत तो लिहिणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटतो. ‘धनिया’चेही असेच आहे. मराठीत धने वेगळे आणि कोथिंबीर वेगळी. हिंदीत दोन्ही धनियाच, म्हणून तिथे ‘साबुत धनिया’ लिहिणे भाग आहे.

यावर तोडगा त्याच लिपीत सापडला. क्रियापदे आणि प्रत्यय भाषा उघड करतात, पण नामे आणि मापे बरीच सामाईक आहेत. त्यामुळे पडद्यावरच्या ठळक पाटीतून आम्ही क्रियापद काढूनच टाकले आणि ‘मालवणी मसाला, पाव किलो, 220 रुपये, लालबाग’ एवढेच ठेवले. ‘250 ग्रॅम’ मुद्दाम टाळले, कारण हिंदीत ‘ग्राम’ लिहितात आणि पाटी लगेच एका बाजूची होते. ‘पाव किलो’ दोन्हींकडे तसेच चालते. नंबरच्या पाटीवर नुसते ‘ऑर्डर’ आणि पुढे अंक.

हा उपाय नावापुरता आणि भावापुरता आहे, हे मला मान्य आहे. मसाला कसा भाजला, किती दिवस टिकतो, हे क्रियापदाशिवाय सांगता येत नाही. त्यासाठी दोन वेगळ्या रील करायच्या असे ठरले. एकीत आवाज आणि अक्षरे दोन्ही मराठी, दुसरीत दोन्ही हिंदी, आणि सामाईक पाटी दोन्हींत तीच. ती पाटी पडद्याच्या तळाला न लावता वर घ्यायची, कारण तळाची जागा खात्याचे नाव आणि मजकूर झाकून टाकतात.

हिंदी निवेदन ताईने स्वतः वाचावे, असा अण्णांचा आग्रह होता. तिने वाचून पाहिले, तेव्हा ‘पैसा’ आणि ‘और’मधले स्वर मराठी वळणाने ‘अइ’, ‘अउ’ असे येत होते. मला ते खटकले नाही, पण ‘मैं’ आणि ‘और’ दर वाक्यात येत असल्याने कान तिथेच अडकत होता, म्हणून तो आवाज भाभींनी द्यावा असे ठरले. ताईने त्याच वेळी त्यांना फोन लावला आणि दोन्ही रील तयार झाल्या की आवाज बंद करून पाहायला सांगितल्या : वस्तू कोणती, किती रुपयांना आणि कुठे मिळते, एवढेच त्यांनी सांगायचे होते.