डिस्क रिकामी, तरी मेमरी भरलेली: एका तक्रारीला दुकानाचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (२ स्टार): "माझा पहिलाच लॅपटॉप. आय-सेव्हन आणि ५१२ जीबी आहे म्हणून घेतला. ऑनलाइन क्लास चालू असताना हँग होतो, मेमरी कमी आहे असा मेसेज येतो, आणि डिस्कवर तर ३४० जीबी रिकामे पडलेत! शिवाय ५१२ च्या जागी ४७६ च दिसतात. दाखवायला नेला तर म्हणे रॅम वाढवा. मग आय-सेव्हन घेऊन उपयोग काय झाला?"

नमस्कार मॅडम,

तुमचं मशीन तपासताना आमच्या टेक्निशियनने जॉबशीटवर आकडे टिपून ठेवले होते. ते समोर ठेवूनच उत्तर देतो.

आधी ४७६ चं बोलतो, कारण ते दोन ओळींत संपतं. डिस्क बनवणारी कंपनी १ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे त्याचा १ जीबी १०७ कोटी बाइटांच्या थोडा वर जातो. ५१२ ला या हिशेबाने भागलं की ४७६ येतात. डिस्क पूर्ण आहे, कुठल्याही कंपनीची ५१२ ची डिस्क विंडोजमध्ये एवढीच दिसते.

आता मुख्य तक्रार. काउंटरवर आम्ही सगळेच सांगतो की रॅम म्हणजे काम करायचं टेबल आणि स्टोरेज म्हणजे कपाट. ते खोटं नाही, पण टेबल भरल्यावर काय होतं हे त्यातून कळत नाही, आणि तुमचा त्रास नेमका तिथे आहे. तुमच्या फाइल्स, फोटो, विंडोज आणि सगळे प्रोग्राम डिस्कवर असतात आणि मशीन बंद केलं तरी राहतात. जो प्रोग्राम तुम्ही उघडता, त्याचा चालता भाग रॅममध्ये येतो, कारण प्रोसेसर थेट डिस्कवरून काम करू शकत नाही. डिस्कवर ३४० जीबी रिकामे आहेत याचा अर्थ एवढाच की अजून पुष्कळ फाइल्स ठेवता येतील. एका वेळी किती गोष्टी उघड्या ठेवता येतील हे रॅमवर ठरतं, आणि तुमच्याकडे ती ८ जीबी आहे. त्यातलाही थोडा भाग ग्राफिक्स स्वतःकडे ठेवतं, म्हणून विंडोजला वापरायला ७.७ मिळतात.

तुम्ही क्लास लावून, ब्राउझरमध्ये १९ टॅब, वर्डची एक फाइल आणि नोट्सच्या पीडीएफ उघडून दाखवल्या होत्या. त्या वेळी Ctrl+Shift+Esc दाबून Task Manager उघडलं आणि Performance मध्ये पाहिलं. प्रोसेसर २४ टक्क्यांवर होता. Memory समोर 7.3/7.7 GB (95%) होतं. टॅब बदलला की डिस्कचा आलेख एकदम वर उडी मारायचा, एक-दोन सेकंद चित्र गोठायचं आणि मग टॅब उघडायचा. प्रोसेसरचा आलेख मात्र जागचा हलत नव्हता.

याचा अर्थ असा. रॅम भरली की विंडोज लगेच हात वर करत नाही. जे टॅब तुम्ही काही वेळ पाहिले नाहीत, त्यांचा मजकूर ते उचलून डिस्कवरच्या pagefile.sys या फाइलमध्ये ठेवतं आणि तुम्ही परत तिथे गेलात की पुन्हा रॅममध्ये आणतं. रॅममधून एखादी गोष्ट मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर चांगल्या एसएसडी डिस्ककडून मिळायला त्याच्या शेकडो पट वेळ जातो. एकदा आणायचं असतं तर कळलंही नसतं. पण एका टॅबसाठी अशा हजारो फेऱ्या होतात, आणि तोवर प्रोसेसर रिकामा बसून वाट पाहतो. म्हणून तो २४ टक्क्यांवर होता. मशीन हँग होत असताना प्रोसेसर निवांत दिसणं, हीच खूण आहे. प्रोसेसर कमी पडत असता तर तो आलेख शंभराला जाऊन तिथेच चिकटून राहिला असता.

मग एवढी डिस्क मोकळी असताना मेमरी कमीचा मेसेज का? हा प्रश्न तुम्ही अगदी बरोबर विचारलात, आणि त्याचं कारण वेगळं निघालं. त्याच Memory च्या पानावर खाली Committed म्हणून एक आकडा असतो. चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामांना विंडोजने एकूण किती मेमरी कबूल केली आहे आणि जास्तीत जास्त किती करू शकतं, हे तिथे दिसतं. ही कमाल मर्यादा म्हणजे रॅम अधिक ती पेजफाइल. तुमच्याकडे 11.5/11.7 GB होतं. ७.७ रॅमचे वजा केले की उरले बरोबर ४, म्हणजे तुमची पेजफाइल ४ जीबीवर बांधून ठेवलेली होती. एरवी विंडोज ती गरजेप्रमाणे वाढवतं. सेटिंगमध्ये Automatically manage paging file size for all drives या ओळीसमोरची खूण काढलेली होती. 'लॅपटॉपचा स्पीड वाढवा' छापाच्या व्हिडिओंत हे हमखास सांगतात, का सांगतात ते देवाला ठाऊक. आम्ही ती खूण परत लावून मशीन रीस्टार्ट केलं, आणि तोच सगळा पसारा पुन्हा उघडला. मेसेज आला नाही.

गोठणं मात्र तसंच राहिलं, आणि तसं राहणारच होतं. पेजफाइल मोठी झाल्याने प्रोग्राम बंद पडण्याचं टळतं, काम वेगाने होत नाही. रॅम वाढवा असं टेक्निशियन म्हणाला ते यासाठी. सांगण्यापूर्वी त्याने तुमच्या मशीनच्या रिकाम्या स्लॉटमध्ये आमच्याकडची ८ जीबीची एक स्टिक चाचणीपुरती लावून पाहिली आणि नंतर काढून घेतली. तेच टॅब, तोच क्लास. 10.9/15.7 GB (69%), प्रोसेसर २१ टक्के, आणि टॅब बदलताना डिस्क जागची हलली नाही. ७.७ मध्ये जवळपास ११ जीबीचं काम कोंबलं जात होतं, एवढीच ती गोष्ट आहे.

आय-सेव्हनचं म्हणाल, तर हा प्रश्न मला आवडला, कारण या नावाने पहिला लॅपटॉप घेणारे सर्वांत जास्त गोंधळतात. खरेदीच्या दिवशी तुमच्यापुढे दोन मॉडेल होती: एक i5-1235U आणि १६ जीबी रॅम, दुसरं i7-1255U आणि ८ जीबी. किंमत जवळपास सारखी. तुम्ही दुसरं निवडलं. आता हे दोन प्रोसेसर शेजारी ठेवून पाहा. दोन्ही बाराव्या पिढीचे, दोघांत १० कोअर, त्यातले २ जोरदार आणि ८ कमी वीज खाणारे. कॅश १२ एमबीच. कमाल वेग एकाचा ४.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ४.७. आय-सेव्हनची ग्राफिक्सची बाजू थोडी उजवी आहे, पण ती रॅमच्या दोन स्टिक असल्या की कामाला येते, आणि तुमच्यात एकच आहे. हा सगळा फरक तुमच्या क्लासच्या कामात बोटावर मोजण्याइतकाही जाणवणार नाही. ८ आणि १६ जीबीतला फरक तुम्ही रोज भोगताय. नावातला आकडा पाहण्यापेक्षा शेवटचं अक्षर पाहावं: U म्हणजे बॅटरी जपणारा, साधारण १५ वॉटचा, H म्हणजे ४५ वॉटचा, जास्त वेळ जोर लावू शकणारा. याच पिढीतला i5-12450H लांबलचक, जड कामात तुमच्या आय-सेव्हनच्या पुढे जाऊ शकतो. व्हिडिओ एडिट करून एक्सपोर्ट करणार असाल किंवा मोठा प्रोजेक्ट कंपाइल करणार असाल, तर प्रोसेसरचं महत्त्व नक्की आहे. तिथे रॅम कितीही टाकली तरी आलेख शंभरावरच राहतो.

रॅमची स्टिक लगेच घ्याच असं मी म्हणत नाही. आधी फुकटातलं करून पाहा. Task Manager मध्ये Startup apps उघडा आणि मशीन सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या ज्या गोष्टी तुम्हाला लागत नाहीत त्या बंद करा. ब्राउझर क्रोम असेल तर Settings मधल्या Performance खाली Memory Saver आहे, तो चालू करा, म्हणजे न वापरलेले टॅब रॅम सोडतील. क्लासच्या वेळी १९ ऐवजी पाच-सहा टॅब ठेवून Memory चा आकडा बघा. तो ८० टक्क्यांच्या आत राहिला आणि गोठणं थांबलं, तर पैसे वाचले. टॅब कमी करणं जमणार नसेल, तर ८ जीबीची एक स्टिक पुरे. तुमच्या या कामासाठी १६ च्या पुढे गेल्याने काही फरक पडणार नाही.

स्टिक कुठूनही घेतलीत तरी चालेल, आमच्याकडूनच घ्या असं नाही. फक्त तुमच्या मशीनला लॅपटॉपची डीडीआर-फोर, ३२०० ची स्टिक लागते. डीडीआर-फाइव्हची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही, तेव्हा जोर लावून पाहू नका. तुमचं नशीब की मशीनमध्ये स्लॉट आहे. हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते. तिथे ८ घेतली की ती शेवटपर्यंत ८ च. एसएसडी बहुतेक मशीनमध्ये नंतर बदलता येते, प्रोसेसर जवळपास कधीच नाही, आणि रॅम मॉडेलवर अवलंबून. त्यामुळे तुमच्या ओळखीचं कोणी पहिला लॅपटॉप घेत असेल, तर डेमो मशीनवर Memory च्या पानावर Form factor काय लिहिलंय ते त्यांना आधी बघू द्या. SODIMM असेल तर स्टिक आहे. Row of chips असेल तर रॅम चिकटवलेली आहे, आणि मग १६ च्या खाली घ्यायची की नाही याचा विचार बिल करण्याआधी व्हावा.

जॉबशीटची प्रत काउंटरवर तुमच्या नावाने काढून ठेवली आहे. दुसरीकडे दाखवायचं असेल तर तीच घेऊन जा, म्हणजे पुन्हा तपासणीचा खर्च पडणार नाही.