फळ्यावरचे भाव टाइप करून द्यायची एकदम सोपी पद्धत

समजा गंगापूर रोडवरच्या एखाद्या मिसळवाल्याने तुम्हाला त्याच्या खडूने लिहिलेल्या फळ्याचा फोटो पाठवला, आणि म्हणाला, दादा फळा असाच ठेवा फक्त अक्षर छापील करून द्या. तर सगळ्यात आधी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरच मागवा, डॉक्युमेंट म्हणून पाठव असं चुकूनही सांगू नका, कारण तसं सांगितलं तर फोटो पूर्ण साईझमध्ये येतो आणि आकडे वाचता येतात, मग मजा काय राहिली?

आता आकडे. मालकाचा खडू घाईत चालतो, त्यामुळे १ चं डोकं जरा फुगलं की त्याचा ९ वाटतो, आणि 'एक्स्ट्रा पाव १०' चा 'एक्स्ट्रा पाव ९०' होतो. फोन करून विचारायचं नाही, आपण काय लहान पोरं आहोत का? बिनधास्त ९० टाइप करा. खडूने ९० लिहिलेलं असतं तर गिऱ्हाईक हसून म्हणालं असतं, काका हे दहाच ना? पण स्वच्छ ठळक अक्षरात ९० दिसले की ते गुपचूप दुसऱ्या हॉटेलात जातं. मिसळीचे ७० खोडून वर ८० लिहिलेत ना, तिथे तुम्हाला आवडेल तो आकडा घ्या.

मग जुनं अक्षर पुसायचं. काळा रंग घ्या आणि चौकोन मारा. फळा खरं तर कुठेच एकसारखा काळा नसतो, डावीकडे ट्यूबलाईटची चमक, मध्ये ओल्या फडक्याचा पांढुरका पट्टा, खाली धूळ, म्हणून समजूतदार लोक क्लोन टूलने शेजारचाच तुकडा उचलून थोडं थोडं झाकत जातात. त्याला वेळ लागतो. तुमच्या चौकोनांनी फळ्यावर ठिगळं दिसतील, दिसू देत.

फोटो स्कूटरवर बसल्या बसल्या तिरका काढलेला आहे, म्हणजे फळ्याची उजवी बाजू लहान दिसते आणि ओळी तिकडे एकमेकींजवळ येत जातात. इथे काही जण फार कष्ट घेतात बुवा. फळ्याचे चार कोपरे पकडून आधी तो सरळ चौकोनी करतात, त्यावर टाइप करतात आणि मग सगळा मजकूर त्याच चार कोपऱ्यांवर परत ताणून बसवतात. तुम्ही अक्षरं नुसती थोडी फिरवा. वरची ओळ जुळेल, खालची फळ्याच्या चौकटीत घुसेल, आणि कोणी विचारलं तर सांगा डिझाईन आहे.

ओळी लावताना प्रत्येक शब्दाच्या डब्याची खालची कड जुळवा. मराठी अक्षर शिरोरेषेला लटकतं, मालकाने हातानेसुद्धा तसंच लिहिलंय, त्यामुळे जुळवायची तर शिरोरेषा. पण खालच्या कडेने जुळवलं की 'गुलाबजाम'चा उकार डबा खाली वाढवतो आणि बिचारा गुलाबजाम शेजारच्या भावापेक्षा वर उचलला जातो, गोडाला तेवढा मान पाहिजेच. भाव डावीकडून लावा, म्हणजे १० चं शून्य १२० च्या दोनाखाली येईल आणि बिल जोडणाऱ्याच्या डोक्याला व्यायाम.

सॉफ्टवेअर जुनं असेल तर उत्तमच. भारतीय लिप्यांचं सेटिंग चालू न करता मजकूर चिकटवला की 'मिसळ'ची वेलांटी उडी मारून पलीकडे जाते आणि 'मसिळ' तयार होते, 'एक्स्ट्रा'ची जोडाक्षरं सुटी होऊन प्रत्येकाच्या पायात हलंत लोंबकळतो. चिकटवल्यावर एकदा मोठ्याने वाचून बघायचा कंटाळा करा, बाकी आपोआप होतं.

रंग शुद्ध पांढरा ठेवा. फोटोतला खडू प्रत्यक्षात करडा-पिवळसर असतो, फोटोला दाणे असतात, कडा मऊ असतात, म्हणून जाणकार खडूचाच रंग उचलतात, अक्षराला किंचित ब्लर आणि थोडे दाणे देतात. तुमची अक्षरं मात्र फळ्यापासून वीतभर पुढे तरंगली पाहिजेत.

आणि शेवटी लेयरवाली फाईल डिलीट करा, फक्त जेपीजी ठेवा. लासलगावला कांदा चढला की मालकाचा फोन येईलच, दादा फक्त 'जादा कांदा १५' एवढी एकच ओळ वाढवा, दोन मिनिटांचं काम आहे. तेव्हा तुमच्याच ठिगळांवर नवीन चौकोन मारायला घ्या.